गुळाची उधारी आणि तीन महिन्यांची हुंडी: स्वीकार, बँकेत वटवणी, अनादर आणि नूतनीकरण, नोंदींसह

कोल्हापुरात ‘बिल’ म्हटले की माल विकल्याचे बिल डोळ्यांसमोर येते. हुंडीच्या नोंदींतला पहिला घोळ इथेच होतो. मालाच्या बिलाने येणे तयार होते. हुंडीने त्याच येण्याला ठरलेली तारीख आणि खरेदीदाराची सही मिळते. हुंडी म्हणजे नवी विक्री नव्हे. या लेखात ‘हुंडी’ म्हणजे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यातले मुदती विनिमयपत्र, आणि ‘बिल’ म्हणजे फक्त मालाचे बिल. बारावीच्या पुस्तकात ज्याला प्राप्य विपत्र आणि देय विपत्र म्हणतात, त्यालाच इथे प्राप्य हुंडी आणि देय हुंडी म्हटले आहे.

सगळे टप्पे एकाच उदाहरणावर पाहू. शाहू मार्केट यार्डातल्या एका घाऊक पेढीने रत्नागिरीच्या दुकानदाराला ३० क्विंटल सुटा गूळ ४,००० रुपये क्विंटल या धरलेल्या भावाने दिला. एकूण १,२०,००० रुपये झाले. बिलाची आणि हुंडीची तारीख १२ डिसेंबर २०२५, मुदत तीन महिने. ही हुंडी बँकेत वटवली जाते, मुदतीला नाकारली जाते आणि मग तिचे नूतनीकरण होते.

टप्पा १: सहीला पाठवण्याआधी

हुंडी लिहिणारा विक्रेता, जिच्यावर लिहिली तो खरेदीदार. मजकुरात ‘तारखेपासून तीन महिन्यांनी’ असे स्पष्ट लिहावे. ‘पाहिल्यापासून तीन महिन्यांनी’ लिहिले तर मुदत स्वीकाराच्या तारखेपासून मोजली जाते. हुंडी रत्नागिरीत चार दिवस पडून राहिली तर तुमचे पैसेही चार दिवसांनी पुढे जातात. रक्कम अंकांत आणि अक्षरांत, दोन्ही लिहावी. दोहोंत फरक पडला तर कायद्याने अक्षरातली रक्कम धरली जाते, म्हणून ‘एक लाख वीस हजार’ हे शब्द आधी वाचून घ्यावेत. पैसे कुठे द्यायचे तेही लिहावे, शक्यतो खरेदीदाराच्या बँकेचे नाव आणि शाखा.

मुद्रांकाची चूक मागून दुरुस्त होत नाही, म्हणून त्याची खात्री आधी करावी. मुदती हुंडीवरचा मुद्रांक केंद्र सरकारच्या दराने लागतो आणि तो सहीच्या आधी किंवा सही करताना लागलेला असावा लागतो. इतर बऱ्याच कागदांना कमी मुद्रांक असला तर दंड भरून ते पुराव्यात आणता येतात. हुंडीला ती सवलत नाही. पावतीवर लावतात ते रेव्हेन्यू तिकीट चिकटवून मुदती हुंडीचे काम भागत नाही. चालू दर आणि मुद्रांकित कागद कुठे मिळेल, हे हुंड्या वटवणाऱ्या बँकेच्या शाखेतच विचारून घ्यावे. पुढे हुंडी तपासून घेणारीही तीच शाखा असते.

*तपासा:* हुंडीवरची रक्कम, खरेदीदाराचे नाव आणि बिल क्रमांक मालाच्या बिलाशी तंतोतंत जुळतात का? ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग कंपनी’ एवढ्या फरकावरही बँक कागद परत करते.

या टप्प्यावर वह्यांत एकच नोंद होते, विक्रीची.

१२ डिसेंबर, विक्रेत्याच्या वहीत: खरेदीदार खाते नावे १,२०,०००, विक्री खाते जमा १,२०,०००.

हुंडी लिहिली आणि कुरिअरने पाठवली म्हणून प्राप्य हुंडी खात्यात काही लिहायचे नाही. सही होऊन येईपर्यंत तो तुमच्या बाजूने लिहिलेला कागद असतो, त्यावर खरेदीदार अजून बांधला गेलेला नाही.

टप्पा २: स्वीकार

स्वीकारासाठी खरेदीदाराची सही पुरते. तरीही हुंडीच्या दर्शनी बाजूवर आडवे ‘स्वीकारली’, त्याखाली तारीख, पैसे देण्याचे ठिकाण, सही आणि पेढीचा शिक्का असे सगळे घ्यावे. सही पेढीच्या मालकाची किंवा भागीदाराची हवी. दुकानात बसणाऱ्या भाच्याची किंवा दिवाणजीची सही चालवून घेऊ नये, नाहीतर मुदतीच्या दिवशी ‘मला माहीत नाही’ असे उत्तर ऐकावे लागेल. हुंडी समोर ठेवल्यावर खरेदीदाराने मागितला तर विचाराला ४८ तासांचा वेळ द्यावा लागतो, त्यात सुट्टीचे दिवस मोजत नाहीत.

अटीचा स्वीकार ही इथली नेहमीची पळवाट आहे. ‘माल विकल्यावर’, ‘तूट वजा करून’ किंवा ‘एक लाखापुरती स्वीकारली’ असे काही लिहून आले तर ती हुंडी परत पाठवा आणि बिनशर्त स्वीकारलेली नवी घ्या. अट मान्य करून हुंडी ठेवून घेतली तर तुम्ही त्या अटीने बांधले जाता, आणि बँक अशी हुंडी वटवणार नाही. रव्यांच्या तुटीचा वाद असेल तर तो आधी क्रेडिट नोटने मिटवावा आणि उरलेल्या रकमेची हुंडी लिहावी.

आपल्या उदाहरणात १५ डिसेंबरला स्वीकारलेली हुंडी हातात आली.

विक्रेत्याच्या वहीत: प्राप्य हुंडी खाते नावे १,२०,०००, खरेदीदार खाते जमा १,२०,०००.
खरेदीदाराच्या वहीत: विक्रेता खाते नावे १,२०,०००, देय हुंडी खाते जमा १,२०,०००.

आता खरेदीदाराचे खाते शून्य झाले आणि येणे प्राप्य हुंडी खात्यात सरकले. खतावणीत खरेदीदाराकडे अजूनही १,२०,००० दिसत असतील तर ही नोंद राहून गेली आहे, किंवा कोणीतरी हुंडी विक्री खात्यात जमा करून विक्री दुप्पट केली आहे.

टप्पा ३: देय तारीख हुंडीवर पेन्सिलने लिहून ठेवा

महिने कॅलेंडरने मोजायचे आणि त्यात सवलतीचे तीन दिवस मिळवायचे. १२ डिसेंबरपासून तीन महिने म्हणजे १२ मार्च, अधिक तीन म्हणजे १५ मार्च २०२६. इतके सगळे करतात, पण पुढचे पाऊल बहुतेक जण विसरतात. १५ मार्चला रविवार आहे. देय दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल तर हुंडी पुढच्या नव्हे, आधीच्या कामाच्या दिवशी देय होते. आधीचा दिवस १४ मार्च, आणि तो महिन्याचा दुसरा शनिवार आहे. दुसरा आणि चौथा शनिवार २०१५ च्या अधिसूचनेने याच कायद्याखाली बँकांसाठी सुट्टीचे ठरले आहेत. म्हणून आपली हुंडी शुक्रवारी, १३ मार्चला देय आहे.

सोमवारी पैसे भरू म्हणणारा दुकानदार या हिशेबाने तीन दिवस उशीर करतो, आणि तोवर बँकेत हुंडी नाकारली गेलेली असते. देय तारीख खरेदीदाराला फोनवर ‘तेरा तारीख, शुक्रवार’ अशी वारासह सांगितलेली बरी.

महिनाअखेरच्या हुंडीतही अशीच गफलत होते. ३० नोव्हेंबर २०२५ ची तीन महिन्यांची हुंडी ३० फेब्रुवारीला येऊ शकत नाही, म्हणून त्या महिन्याचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी, घ्यायचा. अधिक तीन दिवस म्हणजे ३ मार्च, आणि त्या दिवशी सुट्टी आहे का ते वरच्याप्रमाणे पाहायचे. मुदत दिवसांत दिली असेल, उदाहरणार्थ ९० दिवस, तर हुंडीची तारीख सोडून प्रत्यक्ष दिवस मोजायचे. ‘तीन महिने’ आणि ‘९० दिवस’ या दोन वेगळ्या मुदती आहेत.

टप्पा ४: बँकेत वटवणी

पैसे मुदतीआधी हवे असतील तर हुंडी बँकेला देऊन वटवायची. त्यासाठी बँकेने तुमच्या पेढीला हुंड्यांची मर्यादा आधी मंजूर केलेली असावी लागते. गरज पडलेल्या दिवशी हुंडी घेऊन गेलात तर काम होणार नाही. हुंडीच्या मागे बँकेच्या नावे पृष्ठांकन करून सही करावी आणि सोबत मालाच्या बिलाची प्रत आणि ट्रकची पावती द्यावी. बँक ही पावती उगाच मागत नाही. हुंडीमागे खरा माल हलला आहे का, हे तिला पाहायचे असते. ओळखीच्या दोन पेढ्यांनी फक्त पैसे उभे करायला एकमेकांवर लिहिलेल्या हुंड्या बँकांनी वटवायच्या नसतात.

आपली हुंडी १२ जानेवारी २०२६ ला १२ टक्के दराने वटवली. १३ मार्चपर्यंत दिवस मोजू: जानेवारीचे १९, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १३, एकूण ६०. वटाव = १,२०,००० × १२/१०० × ६०/३६५ = २,३६७ रुपये. पुस्तकातल्या रीतीने दोन महिने धरले तर २,४०० येतात. वहीत स्वतःचा हिशेब लिहू नये, बँकेच्या सूचनापत्रावरचा आकडा लिहावा. मात्र तो आकडा आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा. बँकेने चुकून १५ मार्चपर्यंतचे दिवस धरले असतील तर ६० ऐवजी ६२ दिवस निघतील आणि वटाव २,४४६ होईल. ७९ रुपये थोडे आहेत, पण वर्षाला तीस हुंड्या वटवणाऱ्या पेढीला ते जाणवतात.

विक्रेत्याच्या वहीत: बँक खाते नावे १,१७,६३३, वटाव खाते नावे २,३६७, प्राप्य हुंडी खाते जमा १,२०,०००.

खरेदीदाराच्या वहीत: काहीही नाही. पैसे कुणाला द्यायचे ते बदलले, रक्कम तीच राहिली.

बँकेने सेवा आकार आणि त्यावरचा जीएसटी वेगळा कापला असेल तर तो बँक आकार खात्याला न्यावा, वटावात मिसळू नये. वटाव तुमचाच खर्च आहे, तो खरेदीदाराच्या नावे टाकता येत नाही. लवकर पैसे हवे होते ते तुम्हाला.

*सावधान:* वटवल्यावर प्राप्य हुंडी खात्यातून ही हुंडी गेली, जबाबदारी गेली नाही. खरेदीदाराने दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे येते. म्हणून ३१ मार्चला वटवलेली पण अजून देय न झालेली हुंडी ताळेबंदाखाली संभाव्य देणे म्हणून टिपेत दाखवावी. खरेदीदारालाही कळवून ठेवा की आता पैसे बँकेत भरायचे आहेत. त्याने मुदतीआधी थेट तुमच्या खात्यात पाठवले आणि तुम्ही ते दुसरीकडे वापरले, तर १३ मार्चला हुंडी नाकारली जाईल आणि दोष तुमच्याकडे येईल.

टप्पा ५: मुदतीचा दिवस आणि अनादर

१३ मार्चला बँकेने हुंडी सादर केली, खरेदीदाराच्या खात्यात पैसे नव्हते. बँकेने नोटरीकडून हुंडीवर नोंद करवून घेतली. त्या नोंदीत अनादराची तारीख, दिलेले कारण आणि खर्च लिहिलेला असतो. हा नोटिंग खर्च ३५० रुपये धरू. देशांतर्गत हुंडीवर अशी नोंद सक्तीची नाही, पण पुढे दावा करायचा झाला तर हाच कागद कामी येतो. बँकेने तुमच्या खात्यातून १,२०,३५० रुपये वळते केले.

अनादराची नोंद एका प्रश्नावर ठरते: त्या दिवशी हुंडी कुणाच्या हातात होती? जिच्या किंवा ज्याच्या हातात, ते खाते जमा. खरेदीदार मात्र चारही वेळा नावे.

हुंडी तुमच्याच कपाटात असेल तर प्राप्य हुंडी खाते जमा. वटवलेली असेल तर बँक जमा. देणेकऱ्याला पृष्ठांकन करून दिली असेल तर तो देणेकरी जमा. वसुलीसाठी बँकेत ठेवलेली असेल तर वसुलीस पाठवलेल्या हुंड्यांचे खाते जमा. नोटिंग खर्च ज्याने भरला त्याच्या बाजूने तो मिळवायचा. तुमच्या कपाटातल्या हुंडीचा नोटिंग खर्च तुम्हीच रोख दिला तर प्राप्य हुंडीसोबत रोख खातेही जमा होते.

आपली हुंडी बँकेत होती.

विक्रेत्याच्या वहीत, १३ मार्च: खरेदीदार खाते नावे १,२०,३५०, बँक खाते जमा १,२०,३५०.
खरेदीदाराच्या वहीत: देय हुंडी खाते नावे १,२०,०००, नोटिंग खर्च खाते नावे ३५०, विक्रेता खाते जमा १,२०,३५०.

इथे तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, सवयीने प्राप्य हुंडी खाते जमा केले जाते. ते खाते १२ जानेवारीलाच शून्य झाले होते, त्यामुळे आता तिथे १,२०,००० ची जमा बाकी येते. प्राप्य हुंडी खात्याची बाकी जमेची निघाली की हीच चूक शोधा. दुसरी, बँकेकडून मिळाले होते तेवढेच, म्हणजे १,१७,६३३ रुपये, खरेदीदाराच्या नावे टाकले जातात. खरेदीदाराने १,२०,००० देण्याची सही केली आहे, वटावाशी त्याचा संबंध नाही, आणि वटाव खाते इथे उलटवायचे नसते. तिसरी, नोटिंग खर्च विक्रेत्याच्या खर्चात जातो. पैसे आत्ता तुमच्या खात्यातून गेले तरी ते खरेदीदाराने न भरल्यामुळे गेले, म्हणून ते त्याच्याकडूनच येणे.

एक कायद्याचा गैरसमजही इथेच दूर करू. हुंडी नाकारली गेली म्हणून कलम १३८ ची फौजदारी तक्रार होत नाही, ते कलम फक्त चेकसाठी आहे. हुंडीसाठी दिवाणी दावा करावा लागतो. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त रीतीने करता येतो आणि मुदत देय तारखेपासून तीन वर्षांची असते. हुंडीत व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर कायदा १८ टक्के धरतो. हे माहीत असले की पुढच्या टप्प्यातली बोलणी सोपी होतात.

टप्पा ६: नूतनीकरण, क्रम न चुकवता

१६ मार्चला खरेदीदार आला. ४०,३५० रुपये बँकेतून लगेच देतो, उरलेल्या ८०,००० साठी दोन महिने हवेत, म्हणाला. व्याज १२ टक्क्यांनी ठरले: ८०,००० × १२/१०० × २/१२ = १,६०० रुपये. नवी हुंडी ८१,६०० ची.

जुन्या हुंडीवरची तारीख खोडून नवी लिहायचा मोह टाळावा. तारखेतला बदल हा महत्त्वाचा बदल ठरतो आणि जो त्याला राजी नाही त्याच्याविरुद्ध हुंडी बाद होते. बदल उभयतांनी सही करून केला तरी बँक असा कागद घेत नाही. नवी हुंडी, नवा मुद्रांक, नवी सही.

क्रम असा ठेवा:

१. जुनी हुंडी बँकेकडून परत हातात घ्या. नूतनीकरण मुदतीआधीच ठरले असेल आणि हुंडी वटवलेली असेल, तर बँकेला पैसे भरून ती सोडवून घ्यावी लागते. त्या वेळची नोंद अनादरासारखीच, फक्त नोटिंग खर्चाशिवाय.
२. खरेदीदाराने लगेच द्यायची रक्कम बँकेत जमा झाल्याची खात्री करा.
३. व्याज ठरवा आणि त्याची नोंद करा.
४. नवी हुंडी स्वीकारून घ्या.
५. त्यानंतरच जुन्या हुंडीवर ‘रद्द’ लिहून ती खरेदीदाराला परत द्या.

पाचवे पाऊल आधी टाकले आणि नवी हुंडी आलीच नाही, तर तुमच्याकडे सहीचा एकही कागद उरत नाही. उलट जुनी हुंडी रद्द न करता ठेवून दिली, तर खरेदीदाराच्या डोक्यावर एकाच येण्याच्या दोन हुंड्या राहतात. तो पुढच्या वेळी सही करताना हात आखडता घेईल, आणि त्याचे चूक म्हणता येणार नाही.

विक्रेत्याच्या वहीत, १६ मार्च:
खरेदीदार खाते नावे १,६००. व्याज खाते जमा १,६००.
बँक खाते नावे ४०,३५०. खरेदीदार खाते जमा ४०,३५०.
प्राप्य हुंडी खाते नावे ८१,६००. खरेदीदार खाते जमा ८१,६००.

खरेदीदाराच्या वहीत याच तीन नोंदी उलट बाजूने येतात: व्याज नावे आणि विक्रेता जमा, विक्रेता नावे आणि बँक जमा, विक्रेता नावे आणि देय हुंडी जमा.

व्याजाची नोंद गाळून थेट ८१,६०० ची हुंडी लिहिली तर खरेदीदाराच्या खात्यात १,६०० जास्तीचे जमा होतात. तो तुमचा देणेकरी दिसू लागतो आणि व्याजाचे उत्पन्न कुठेच सापडत नाही.

नूतनीकरण मार्चमध्ये झाल्यामुळे व्याज दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते. दोन महिन्यांपैकी सुमारे अर्धा महिनाच ३१ मार्चपूर्वीचा आहे, म्हणून १,६०० पैकी ४०० या वर्षाचे. उरलेल्या १,२०० साठी ३१ मार्चला व्याज खाते नावे, आगाऊ व्याज खाते जमा.

टप्पा ७: खतावणी जुळते का?

खरेदीदाराच्या खात्याच्या नावे बाजूला विक्रीचे १,२०,०००, अनादराचे १,२०,३५० आणि व्याजाचे १,६००, मिळून २,४१,९५०. जमा बाजूला पहिली हुंडी १,२०,०००, आलेले ४०,३५० आणि नवी हुंडी ८१,६००, मिळून २,४१,९५०. बाकी शून्य. प्राप्य हुंडी खात्यात फक्त ८१,६०० नावे राहतात आणि तेवढ्याच रकमेची हुंडी कपाटात असायला हवी. महिनाअखेरीला कपाटातल्या हुंड्या मोजून या बाकीशी ताडल्या तर वर सांगितलेल्या बहुतेक चुका त्याच महिन्यात सापडतात.

नव्या हुंडीची देय तारीख: १६ मार्च अधिक दोन महिने १६ मे, अधिक तीन दिवस १९ मे २०२६, मंगळवार. सुट्टी नाही, तारीख कायम. ही हुंडी वटवली नाही आणि १९ मे रोजी पैसे आले, तर बँक खाते नावे ८१,६००, प्राप्य हुंडी खाते जमा ८१,६००. पुन्हा नाकारली गेली तर यावेळी ती तुमच्याच कपाटात आहे, म्हणून खरेदीदार नावे आणि प्राप्य हुंडी जमा. नोटिंग खर्च रोख दिला असेल तर तो रोख खात्याला जमा आणि खरेदीदाराच्याच नावे.